पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी, जामीन आणि अटकपूर्व जामीन म्हणजे नेमकं काय? बदलापूर प्रकरणातून समजून घ्या

'आरोपीला पीसीआर मिळाला', 'एमसीआर झाला', 'अटकपूर्व फेटाळला', 'जामीन झाला पण सुटका नाही'. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातल्या बातम्यांमध्ये हे शब्द रोज येतात. पण घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं, की यातला कोणता शब्द आपल्याला लागू आहे हे कळत नाही. मग ओळखीचा जो भेटेल तो सांगेल तसं घरचे धावपळ करतात. यात दिवस जातात, पैसे जातात, आणि कधी कधी हातचा हक्कही जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. या एकाच प्रकरणात हे सगळे शब्द आले, आणि ते तीन वेगवेगळ्या लोकांच्या वाट्याला आले. शाळेतल्या सफाई कामगाराला अटक झाली, त्याला कोठडी मिळाली. शाळेच्या पदाधिकाऱ्यांनी अटक टाळण्यासाठी अटकपूर्व जामीन मागितला. आणि २० ऑगस्टला बदलापूर स्टेशनवर रेल रोको करणाऱ्या आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले, त्यातल्या अटक झालेल्यांना बाहेर येण्यासाठी जामीन घ्यावा लागला. म्हणून हेच प्रकरण समोर ठेवून एकेक गोष्ट पाहू.

अटकेनंतरचे पहिले २४ तास

बदलापूर प्रकरणातल्या आरोपीला १७ ऑगस्ट २०२४ रोजी अटक झाली. अटक झाली की घड्याळ सुरू होतं. राज्यघटनेच्या कलम २२ नुसार आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ नुसार, अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ तेवढा यातून वगळतात. रविवार आहे, सण आहे, ही सबब चालत नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात.

या २४ तासांत पोलिसांवर काही बंधनं आहेत. अटक का केली ते आरोपीला सांगायचं, घरच्या कुणाला तरी कळवायचं आणि वैद्यकीय तपासणी करायची. अटकेची कारणं नुसती तोंडी सांगून भागत नाही. वरळीच्या हिट अँड रन प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवीत. अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल, तर निदान कोर्टात रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी तो कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक आणि पुढची कोठडी बेकायदा ठरू शकते. म्हणून घरच्यांनी सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न 'सुटेल कधी?' हा नसून 'अटकेच्या कारणांचा कागद दिला का, आणि किती वाजता दिला?' हा आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवा. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथे पोलिसांनी थेट अटक करणं अपेक्षित नाही. आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते. त्या नोटिशीत ठरलेल्या दिवशी चौकशीला हजर राहायला सांगितलेलं असतं. नोटीस पाळली तर सहसा अटक होत नाही. अटक करायचीच असेल तर तिची गरज का पडली, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. गावात मात्र नोटीस आली की 'चार दिवस पाहुण्यांकडे जाऊन बस' असा सल्ला मिळतो. हा सल्ला अंगाशी येतो. नोटीस असून माणूस हजर झाला नाही, हेच मग अटकेचं कारण होतं.

रिमांड म्हणजे काय?

पोलीस स्वतःच्या अधिकारात २४ तासांपेक्षा जास्त कुणालाही डांबू शकत नाहीत. त्यापुढे ठेवायचं असेल तर कोर्टाची परवानगी लागते. ही परवानगी म्हणजे रिमांड. पोलीस रिमांड रिपोर्ट सादर करतात. आतापर्यंत काय तपास झाला, अजून काय करायचं आहे आणि त्यासाठी आरोपी ताब्यात का हवा, हे त्यात लिहिलेलं असतं. आरोपीचा वकील विरोध करतो. त्यानंतर मॅजिस्ट्रेट ठरवतात.

रिमांड दोन प्रकारची असते. पहिली पोलीस कोठडी, बोलीभाषेत पीसीआर. यात आरोपी पोलिसांच्या लॉकअपमध्ये राहतो आणि पोलीस त्याची चौकशी करू शकतात. हत्यार काढून घ्यायचं, कागदपत्रं जप्त करायची, साथीदार शोधायचे, जागा दाखवून घ्यायची, अशी कारणं दिली जातात. 'अजून चौकशी करायची आहे' एवढं मोघम कारण असेल तर वकील त्यावर बोट ठेवू शकतो. चौकशीच्या काळात आरोपीला आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही.

दुसरी न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. यात आरोपी तुरुंगात जातो. आपल्या भागातले आरोपी बहुतेक वेळा कल्याणच्या आधारवाडी किंवा तळोजा कारागृहात असतात. तिथे तो कोर्टाच्या ताब्यात असतो आणि पोलिसांना मनाला येईल तेव्हा चौकशी करता येत नाही. 'एमसीआर झाला' हे ऐकून घरचे घाबरतात, कारण माणूस जेलमध्ये जातो. पण वकिलाच्या दृष्टीने तो टप्पा बहुतेकदा बरा असतो. पोलिसांना आरोपी ताब्यात नको आहे, असा त्याचा अर्थ निघतो आणि जामिनाचा अर्ज तिथून जोर धरतो.

बदलापूरच्या आरोपीची पोलीस कोठडी २१ ऑगस्टला कल्याण न्यायालयाने २६ ऑगस्टपर्यंत वाढवली. २६ तारखेला त्याला १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी मिळाली आणि तो तळोजा कारागृहात गेला. सहसा वाटतं, की एकदा जेलमध्ये गेला म्हणजे पोलिसांचा संबंध संपला. तसं नाही. दुसऱ्या गुन्ह्यात चौकशी हवी असेल तर पोलीस कोर्टाकडून वॉरंट घेऊन आरोपीचा ताबा जेलमधून घेऊ शकतात. २३ सप्टेंबर २०२४ ला ठाणे पोलीस याच आरोपीला वेगळ्या गुन्ह्यासाठी तळोजातून घेऊन निघाले होते. मुंब्र्याजवळ पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला की मॅजिस्ट्रेटची चौकशी कायद्याने बंधनकारक आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयासमोर आला आणि त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आलं. कोठडी कोणतीही असली, तरी ताब्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर असते, ती यामुळेच.

१५ दिवसांचा नियम बदलला आहे

पोलीस कोठडी सगळी मिळून १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. हा आकडा जुन्या कायद्यात होता, नव्यातही तोच आहे. पण हे १५ दिवस कधी वापरायचे, यात मोठा बदल झाला आहे.

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केल्याचं प्रकरण घडलं. दुसऱ्या दिवशी आमदारांना उल्हासनगर न्यायालयात हजर केलं, तेव्हा १४ फेब्रुवारीपर्यंत पोलीस कोठडी मिळाली आणि त्यानंतर न्यायालयीन कोठडी सुरू झाली. तेव्हा जुना कायदा होता. पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच घ्यायची, ते दिवस गेले की त्या गुन्ह्यात पुन्हा पोलीस कोठडी नाही, असा नियम होता.

१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १८७ नुसार हे १५ दिवस तुकड्या-तुकड्यांनी घेता येतात. ज्या गुन्ह्यात तपासाला ६० दिवस मिळतात, तिथे पहिल्या ४० दिवसांत कधीही. ज्यात ९० दिवस मिळतात, तिथे पहिल्या ६० दिवसांत कधीही. म्हणजे तीन दिवस पोलीस कोठडी होऊन माणूस जेलमध्ये गेला, तरी वीस दिवसांनी पोलीस पुन्हा ताबा मागू शकतात. त्याचबरोबर, पोलीस कोठडी पुढे लागू शकते एवढ्या एकाच कारणावरून जामीन नाकारता येणार नाही, असंही कलम ४८० मध्ये लिहिलेलं आहे. जामिनाच्या सुनावणीत हा मुद्दा उपयोगी पडतो.

६० आणि ९० दिवसांचा हिशेब

तपास कितीही लांबला तरी चार्जशीट दाखल न करता माणसाला अनिश्चित काळ आत ठेवता येत नाही. गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षा असेल तर ९० दिवस. बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. त्या मुदतीत चार्जशीट आली नाही, तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो. गुन्हा किती गंभीर आहे, पुरावा किती आहे, हे तेव्हा पाहिलं जात नाही. याला डिफॉल्ट जामीन म्हणतात. बदलापूर प्रकरणात विशेष तपास पथकाने सप्टेंबरमध्येच चार्जशीट दाखल केली, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. पण साध्या गुन्ह्यांत येतो, आणि तिथेच चुका होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, अंबरनाथ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यावर एकच जमीन दोघांना विकून फसवणूक केल्याचा गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे आधी नोटीस यायला हवी. नोटीस आली, पण तो हजर झाला नाही. ३ मार्चला रात्री ८ वाजता त्याला अटक झाली. ४ मार्चच्या रात्री ८ च्या आत त्याला कोर्टात न्यायला हवं. ४ मार्चला दुपारी हजर केलं. पोलिसांनी पाच दिवस मागितले, कोर्टाने व्यवहाराचे कागद जप्त करण्यासाठी तीन दिवस पोलीस कोठडी दिली. ७ मार्चला तो एमसीआरमध्ये गेला.

आता हिशेब असा. पोलीस कोठडीचे १५ पैकी तीन दिवस वापरले, बारा उरले. पण ते ४० व्या दिवसापर्यंत, म्हणजे १२ एप्रिलपर्यंतच मागता येतील. ६० दिवस अटकेच्या दिवसापासून मोजत नाहीत, कोर्टाने पहिली रिमांड दिली त्या दिवसापासून मोजतात आणि तो दिवसही धरतात. ४ मार्च हा पहिला दिवस धरला तर मार्चचे २८, एप्रिलचे ३० आणि मे महिन्याचे दोन, असे ६० दिवस २ मेला पूर्ण होतात. तोपर्यंत चार्जशीट आली नाही, तर ३ मेला त्याला डिफॉल्ट जामिनाचा हक्क मिळतो.

पण हा हक्क आपोआप हातात पडत नाही. अर्ज करावा लागतो आणि जामीन भरण्याची तयारी दाखवावी लागते. ३ मेला वकील आला नाही, ४ मेला अर्ज करू म्हणाले, आणि त्याआधीच पोलिसांनी चार्जशीट दाखल केली, तर हक्क गेला. उलट, ३ मेला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज दिला आणि दुपारी चार्जशीट आली, तरी हक्क टिकतो. म्हणून पहिल्या रिमांडची तारीख घरच्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावी. चार्जशीट आली का हे मोबाईलवर eCourts Services या अ‍ॅपमध्ये केसचा सीएनआर नंबर टाकून पाहता येतं, पण नोंद चढायला उशीर होऊ शकतो. खात्री कोर्टाच्या कार्यालयातच करावी.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र

जामीन म्हणजे खटला संपला असं नाही, आणि निर्दोष सुटला असंही नाही. बोलावू तेव्हा हजर राहीन, या हमीवर माणसाला खटला चालेपर्यंत बाहेर राहू देणं, एवढाच त्याचा अर्थ.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. पोलीस ठाण्यातच तो देता येतो आणि द्यावाच लागतो. कोर्टाची परवानगी लागत नाही. जामीनदार आणण्याची ऐपत नसेल, तर कलम ४७८ मध्ये सोय आहे. एक आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर सोडायचं असतं.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन हक्काने मागता येत नाही, कोर्टाने तो द्यायचा की नाही हे ठरवायचं असतं, इतकाच फरक आहे. कोर्ट पाहतं, की हा माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा नष्ट करेल का, आधीचे गुन्हे आहेत का. महिला, अठरा वर्षांखालील मुलं, आजारी आणि अपंग व्यक्तींचा विचार कायद्यात वेगळा केला आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांत मॅजिस्ट्रेटचे हात बांधलेले असतात, तिथे सत्र न्यायालयात जावं लागतं. आपल्या भागासाठी ते कल्याणला आहे. मॅजिस्ट्रेटने नाकारलेला जामीन सत्र न्यायालयात, आणि तिथे नाकारला तर मुंबई उच्च न्यायालयात मागता येतो.

बदलापूरच्या रेल रोकोनंतर शेकडो जणांवर गुन्हे दाखल झाले. अटक झालेल्यांना कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिली, त्यानंतर जामिनाचे अर्ज झाले. यातला धडा असा, की एका आंदोलनात एका माणसावर रेल्वे पोलीस आणि शहर पोलीस असे दोन ठिकाणी वेगळे गुन्हे दाखल होऊ शकतात. जामीन माणसाला मिळत नाही, गुन्ह्यात मिळतो. एका गुन्ह्यात जामीन झाला आणि दुसऱ्यात नाही, तर जेलचा दरवाजा उघडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलाला विचारा, की एकूण गुन्हे किती, त्यांचे नंबर काय आणि ते कोणत्या पोलीस ठाण्यात आहेत.

अटकपूर्व जामीन कुणाला, कधी?

अटक झाल्यावर मागायचा तो नियमित जामीन. अटक होईल अशी ठोस भीती आहे, पण अजून झालेली नाही, तेव्हा मागायचा तो अटकपूर्व जामीन. संहितेचं कलम ४८२. तो मॅजिस्ट्रेट देऊ शकत नाही. सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालयच देतं. त्यामुळे उल्हासनगर कोर्टात अटकपूर्वचा अर्ज करून देतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला वकील म्हणून काम देण्याआधी दोनदा विचार करा.

अर्ज दिला म्हणजे अटक टळली, असंही नाही. अर्ज आल्यावर कोर्ट सरकारी पक्षाचं लेखी म्हणणं मागवतं, कोर्टात त्याला 'से' म्हणतात. 'से' यायला काही दिवस जातात. त्या दिवसांसाठी कोर्टाने अंतरिम संरक्षण दिलं असेल, तरच पोलीस अटक करू शकत नाहीत. अर्ज पडून आहे पण अंतरिम आदेश नाही, अशा वेळी अटक होऊ शकते. 'अर्ज केलाय' आणि 'अंतरिम मिळालाय' यातला फरक वकिलाकडून स्पष्ट करून घ्या.

काही गुन्ह्यांत अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच बंदी आहे. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्कार आणि अठरा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कार हे त्यात येतात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही ही बंदी आहे. मात्र तक्रार वाचूनच तो गुन्हा होत नाही असं दिसत असेल, तर अशा प्रकरणातही कोर्ट विचार करू शकतं.

बदलापूर प्रकरणात शाळेचे अध्यक्ष आणि सचिव यांच्यावर अत्याचाराचा आरोप नव्हता. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्था चालवणाऱ्यांना त्यात जास्त शिक्षा आहे. या दोघांना कळूनही त्यांनी वेळेत कळवलं नाही, असा आरोप होता. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा अटकपूर्व जामीन फेटाळला. १६ ऑगस्टला गुन्हा दाखल होण्याआधीच त्यांना घटनेची माहिती होती असं प्रथमदर्शनी दिसतं, हे त्यामागचं एक प्रमुख कारण होतं. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, त्यांना अटक झाली.

यातून दोन गोष्टी कळतात. अर्ज फेटाळला की संरक्षण लगेच संपतं, मग अटक काही तासांतही होऊ शकते. आणि अटकपूर्व फेटाळला म्हणजे माणूस दोषी ठरला असं नाही. अटकेनंतर नियमित जामीन मागण्याचा त्याचा हक्क तसाच राहतो.

अटकपूर्व मिळाला तर तो साधारणपणे खटला संपेपर्यंत चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. पण त्याला अटी असतात. ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, तक्रारदाराच्या किंवा साक्षीदारांच्या वाटेला न जाणं, परवानगीशिवाय देश न सोडणं, अशा. एखादी हजेरी चुकली की सरकारी पक्ष जामीन रद्द करण्याचा अर्ज देऊ शकतो. हजेरीला गेल्यावर तिथल्या नोंदवहीत सही केल्याशिवाय परत येऊ नये, आणि शक्य असेल तर त्या पानाचा फोटो मागावा.

जामीन झाला, तरी माणूस आत का?

कोर्टाने 'पंधरा हजारांच्या जामिनावर सोडा' म्हटलं, की घरच्यांना वाटतं पंधरा हजार भरले की झालं. बहुतेक वेळा तसं नसतं. त्या रकमेची हमी घेणारा जामीनदार हवा असतो. आरोपी पळाला तर ती रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. म्हणून कोर्ट त्याचे कागद तपासतं. आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, पगारदार असेल तर पगाराची स्लिप. काही वेळा तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखला मागतात आणि तो मिळायला दिवस लागतात. रोख रकमेवर तात्पुरतं सोडावं आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत द्यावी, असा अर्ज वकील करू शकतो. तो पुष्कळदा मान्य होतो, पण मुदतीत जामीनदार दिला पाहिजे.

घाईत कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार मिळवून देणारे भेटतात. कागद खोटे निघाले, तर जामीनदाराबरोबर आरोपीवरही नवा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मिळालेला जामीन जातो. सख्खा भाऊ, मामा, शेजारी, सातबारा असलेला कुणीही ओळखीचा माणूस त्यापेक्षा बरा.

जामीन मंजूर होऊन सात दिवस झाले आणि माणूस अजून आतच आहे, तर जेल अधीक्षकांनी ही गोष्ट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायची असते. असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिले आहेत. एक महिन्यात जामीन भरता आला नाही, तर कोर्ट अट सौम्य करण्याचा विचार करू शकतं. घरच्यांनी स्वतःहून अर्ज करणं मात्र जास्त लवकर होतं.

आणि ज्यांना जामीन मिळालाच नाही, त्यांच्यासाठी कलम ४७९ आहे. आधी कधीच कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी हा काळ निम्मा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असलेल्यांनाही हा लाभ नाही. वरच्या उदाहरणातल्या शेतकऱ्यावर दुसरी केस नसेल, तर सात वर्षांच्या एक तृतीयांश, म्हणजे दोन वर्षं चार महिने झाल्यावर तो या कलमाखाली मागणी करू शकतो.

वकील परवडत नसेल तर

कोठडीत असलेल्या कुणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याचं उत्पन्न किती आहे हे पाहिलं जात नाही. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. हा वकील पहिल्या रिमांडलाच मागता येतो. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर 'माझा वकील नाही, मला वकील द्या' एवढं आरोपीने मराठीत सांगितलं तरी पुरेसं आहे. पहिल्या रिमांडला वकील असेल, तर अटकेच्या कारणांचा कागद, मारहाणीची तक्रार आणि पोलीस कोठडीला विरोध, या तीनही गोष्टी त्याच दिवशी कोर्टाच्या नोंदीत येतात.